जुन्या घराची जमिनीखालची ड्रेनेज लाइन गळतेय: आधी धुराची टेस्ट की पाण्याची?

उंबरठा
नमस्कार मंडळी. आमचं घर जुनं आहे, बैठं. मागे संडास-न्हाणीघर, तिथून १०० मिमीची स्टोनवेअरची लाइन (जुने तपकिरी झिलईचे पाइप) बाजूच्या बोळातून पुढे जाते. वाटेत तीन चेंबर आहेत. बोळाला लागून जी खोली आहे, तिच्या एका कोपऱ्यात खालून ओल चढतेय. पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवस गटाराचा वासही येतो.

तिघांना दाखवून झालं. पहिला म्हणाला, धूर सोडून बघू. दुसरा म्हणाला, धुराने काही कळत नाही, लाइन पाण्याने भरून बघू. तिसऱ्याने सरळ सांगितलं की बोळ उखडा आणि सगळी लाइन नवी टाका. बोळाची फरशी वडिलांच्या हातची आहे, उगाच उखडायला मन घेत नाही. उखडायचीच झाली तर नेमकी कुठे, हे आधी कळायला हवं.

माझे प्रश्न दोन. आधी कोणती टेस्ट करायची? आणि इतक्या जुन्या पाइपला पाण्याचा दाब सोसेल का? आहे ती गळती वाढून बसली तर काय करायचं?

सांजवेळ
आमच्याकडेही अशीच ओल होती. सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा फिरत असेल तर गळती तिथेच. आमची भिंतीतली लाइन फुटलेली निघाली.

उंबरठा
सांजवेळ, धन्यवाद. पण मी विचारतोय ते सांडपाण्याच्या लाइनबद्दल, नळाच्या नाही.

पाणसळ
उंबरठा, सांजवेळ यांचं म्हणणं बाजूला टाकू नका. प्रश्न वेगळ्या लाइनचा असला तरी ते काम आधी उरका, कारण त्याला काही खोदावं लागत नाही. रात्री सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी कोणी नळ उघडायच्या आत परत बघा. आकडा तोच असेल तर नळाच्या लाइनवरचा संशय बराच कमी होतो. ओल नळाच्या पाण्याची निघाली आणि तुम्ही ड्रेनेज शोधत बसलात, तर सगळी मेहनत वाया जाईल.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षं याच कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या दोन टेस्ट एकमेकींच्या बदली करायच्या नाहीत. धूर सांगतो की लाइनमधली हवा कुठून बाहेर पडते. पाणी सांगतं की पाणी बाहेर जातं का, आणि किती जातं. पाइपच्या माथ्याला तडा असेल तर तिथून वास येईल, धूर येईल, पण रोजच्या वापरात पाण्याचा थेंब जाणार नाही, कारण पाणी पाइपच्या तळाशी थोडंसंच वाहतं. उलट सांधा तळाला उघडा असेल तर पाणी जाईल, आणि धूर मात्र वरच्या घट्ट मातीत अडकून कधी दिसणारच नाही.

तुमच्या बाबतीत मी आधी धूर सोडेन, कारण त्याने पाइपला काही इजा होत नाही. नंतर पाणी, तेही एकेका तुकड्यात आणि कमी उंचीचं. नव्या लाइनला वरच्या टोकाच्या वर निदान १ मीटर पाणी उभं करतात. जुन्या सिमेंटच्या सांध्यांना तेवढं देऊ नये, नाहीतर टेस्टच गळती करून ठेवेल. २५-३० सेंमी पुरे.

ठिपका
धुराला मशीन कशाला हवं? चेंबरमध्ये ओला पालापाचोळा पेटवायचा, झाकण लावायचं, धूर आपोआप जातो. आमच्या गल्लीत केलं होतं.

पाणसळ
ठिपका, हे कृपा करून कोणी करू नका. गटारात जमणारा वायू पेट घेतो. आणि नुसता पेटवलेला धूर गरम असतो, तो व्हेंट पाइपने सरळ वर निघून जातो. सांध्यातून बाहेर पडायला त्याच्यामागे थोडा दाब लागतो, तो पंख्याच्या मशीननेच मिळतो.

तो दाबही बेताचाच हवा. प्रत्येक ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी उभं असतं, तेवढाच काय तो तुमचा दरवाजा. दाब जास्त झाला की ते पाणी उडून धूर घरात येतो, आणि माणूस समजतो की इथे गळती सापडली. मशीनला पारदर्शक नळीचा यू आकाराचा तुकडा जोडा, त्यात पाणी भरा. दोन्ही बाजूंच्या पातळीत २५ मिमीचा फरक दिसला की तिथेच थांबा.

कडीकोयंडा
माफ करा, पण ही सगळी वेळखाऊ कामं आहेत. साठ वर्षांची स्टोनवेअर लाइन म्हणजे प्रत्येक सांधा गेलेला असणार. एक दुरुस्त केला की पुढच्या वर्षी शेजारचा गळेल. मी माझ्या घरी सगळी लाइन बदलून मोकळा झालो. एकदाच त्रास.

पाणसळ
कडीकोयंडा, तुमच्या लाइनचं तसं असेलही. पण झिलईचा पाइप स्वतः सहसा खराब होत नाही, सांधे जातात, आणि तेही सगळे एकदम जात नाहीत. दर दुसरा सांधा गळत असेल तर मीही म्हणेन बदला. पण ते टेस्ट केल्यावर म्हणेन.

दवबिंदू
जुन्या काळी पेपरमिंटच्या तेलाची टेस्ट करायचे असं वाचलंय. एक माणूस वर जाऊन व्हेंट पाइपमध्ये तेल आणि कढत पाणी ओतायचा, दुसरा घरात हुंगत फिरायचा. ओतणाऱ्याने घरात यायचं नाही, कारण त्याच्या हाताकपड्यांचाच वास सगळीकडे सुटायचा. हे खरं आहे का?

पाणसळ
दवबिंदू, अगदी खरं. फक्त वास कुठल्या खोलीत येतो एवढंच त्यातून कळायचं, फरशीखाली नेमका कुठून हे नाही.

रानवारा
धुराबद्दल माझा अनुभव सांगते, कारण आम्ही त्यात पुरते फसलो.

आमच्याकडे खालच्या चेंबरमधून धूर सोडला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, कुठूनही धूर नाही. करणारा म्हणाला, ताई, लाइन एकदम चांगली आहे. आम्ही निश्चिंत झालो आणि कोपऱ्यातल्या भिंतीला नवा गिलावा केला. चार महिन्यांत तो फुगून निघाला. नंतर कोणीतरी वरच्या चेंबरमधून टॉर्च आणि खालून आरसा धरून बघितलं, तेव्हा दिसलं की मधे लाइन खचलेली आहे. खचलेल्या भागात पाणी साचून पाइप माथ्यापर्यंत भरलेला. धूर तिथेच अडकायचा, पुढे जायचाच नाही. गळती त्या पाण्याच्या पलीकडे होती.

म्हणजे "धूर आला नाही" याचा अर्थ "गळती नाही" असा होत नाही, एवढं मी शिकले.

पाणसळ
रानवारा, फार उपयोगाचं लिहिलंत. म्हणूनच व्हेंट पाइपचं वरचं तोंड सुरुवातीला उघडं ठेवायचं. खालच्या चेंबरमध्ये सोडलेला धूर वर व्हेंटमधून दाट येताना दिसला, म्हणजे तो सगळ्या लाइनमधून फिरला. मग ओल्या कापडाने व्हेंट बंद करायचा आणि तिथून पुढे टेस्ट सुरू झाली असं धरायचं. व्हेंटला धूर आलाच नाही, तर आधी आरसा-टॉर्च.

उंबरठा, आणखी एक. वास पावसानंतर येतो म्हणून पावसानंतर टेस्ट करावीशी वाटेल. तसं करू नका. ओल्या मातीतली सगळी छिद्रं पाण्याने बुजलेली असतात, धूर वर येत नाही. आठ-दहा दिवस कोरडे गेले की करा, आणि वारा पडलेला असताना सकाळी लवकर करा.

ठिपका
म्हणजे कोरडं असताना धूर जिथून वर आला, तिथे खाली गळती. खोदायचं आणि दुरुस्त करायचं. मग पाण्याची टेस्ट कशासाठी?

पाणसळ
जिथून धूर वर आला तिथेच गळती असेल असं नाही. पाइप टाकताना जो चर खणलेला असतो, तो परत भरला तरी त्यातली माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सैल राहते. धूर सांध्यातून निघतो, चरातून सैल मातीच्या वाटेने सरकतो आणि फरशीला भेग सापडेल तिथे वर येतो. मी दोन-अडीच मीटरचा फरक पाहिलाय. धुराने शोधायचा पट्टा लहान होतो, कुदळ कुठे मारायची हे पाणी सांगतं.

उंबरठा
तीन आठवड्यांनी परत येतोय. मीटर रात्रभर जागचं हललं नाही, म्हणजे नळाची लाइन ठीक. गेल्या रविवारी धुराची टेस्ट केली. शेजारी-पाजारी सगळ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. मशीन भाड्याने मिळालं, बरोबर एक जाणकार माणूसही आला.

सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी ओतलं असं वाटत होतं, पण माळ्याखालच्या जुन्या मोरीची आठवणच राहिली नाही. ती वर्षानुवर्षं वापरात नाही, ट्रॅप पार कोरडा. खोली धुराने भरली, आई घाबरून बाहेर आली. मशीन थांबवलं, मोरीत दोन बादल्या पाणी ओतलं, खिडक्या उघडून अर्धा तास जाऊ दिला आणि मग पुन्हा सुरू केलं.

व्हेंटला धूर साधारण चार मिनिटांत आला. तो बंद केल्यावर बोळातल्या फरशीच्या एका भेगेतून, भिंतीच्या कडेला, पातळ पांढरी रेघ वर यायला लागली. ही जागा वरच्या, म्हणजे एक नंबरच्या चेंबरपासून ३ मीटरवर आहे. खोलीत ओल आहे त्या कोपऱ्याच्या जवळपास समोरच. बाकी कुठे काही नाही.

आता पाण्याची टेस्ट कशी करायची, मापं कशी घ्यायची, सांगाल का?

सांजवेळ
वास त्या मोरीतूनच येत असेल तर? ट्रॅप कोरडा म्हणजे गटाराची हवा थेट घरात.

पाणसळ
सांजवेळ, शक्य आहे. उंबरठा, त्या मोरीत दर आठवड्याला एक तांब्या पाणी ओतत जा, नाहीतर तिचं तोंड कायमचं बंद करा. वासाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण ओल कोरड्या ट्रॅपने येत नाही, तेव्हा पाण्याची टेस्ट करायचीच.

१ आणि २ नंबरच्या चेंबरमधला तुकडा आधी घ्या. दोन्ही चेंबरमधलं अंतर मोजा, आणि दोन्हीकडे पाइपच्या तळाची पातळी गवंड्याच्या लेव्हल पाइपने घ्या. हा आकडा पुढे फार लागणार आहे. चेंबरमध्ये कोणी उतरू नका, डोकंही आत घालू नका, सगळं काठीने आणि वरून करा.

खालच्या टोकाला, म्हणजे २ नंबरमध्ये येणाऱ्या पाइपच्या तोंडात, टेस्टचा बूच बसवा. मधे नळी जोडायची सोय असलेला घ्या. त्याला पारदर्शक नळी जोडून चेंबरच्या भिंतीला उभी बांधा. आत पाणी कुठपर्यंत आहे ते या नळीत दिसेल. वरच्या टोकाला, १ नंबरमधून निघणाऱ्या पाइपच्या तोंडात, एल्बो आणि १०० मिमीचाच उभा तुकडा बसवा, पाइपच्या माथ्यावर ३० सेंमी येईल एवढा. त्यातून पाणी भरा.

पुष्कळ लोक इथे चूक करतात आणि चेंबरच भरतात. चेंबरच्या विटांचा गिलावा पाणी पितो, ते पाइपच्या नावावर जातं. आणि ६० बाय ४५ सेंमीच्या चेंबरमध्ये १ सेंमी पाणी उतरलं म्हणजे २.७ लिटर गेलं, डोळ्याला कळतही नाही. १०० मिमीच्या उभ्या पाइपात तेच १ सेंमी म्हणजे ८० मिलीलिटरसुद्धा नाही. अरुंद नळीत गळती मोठी दिसते.

भरल्यावर तासभर थांबा. जुने सांधे कोरडे असतात, पाणी शोषतात, आत अडकलेली हवाही निघते. मग परत वरपर्यंत भरा आणि अर्ध्या तासात किती पाणी घालावं लागलं ते मापाने मोजा. नव्या १०० मिमीच्या लाइनला अर्ध्या तासात मीटरमागे ०.०५ लिटरपर्यंत चालवून घेतात.

आणि आता महत्त्वाचं. मोजून झालं की पाणी घालणं थांबवा आणि वाट बघा. पातळी उतरत उतरत कुठेतरी थांबेल. कुठे थांबली, ते खालच्या पारदर्शक नळीवर खूण करून ठेवा.

ठिपका
कळलं! गळतीच्या खालचं पाणी जाऊच शकत नाही, म्हणजे पाणी जिथे थांबलं ती गळतीची उंची. ढाळ माहीत आहे, उंचीवरून अंतर निघालं. सोपं आहे.

पाणसळ
जवळपास बरोबर, ठिपका. यात एक अडचण आहे, पण आधी उंबरठांचे आकडे येऊ द्या.

उंबरठा
झाली टेस्ट. सगळं वहीत लिहिलंय, तसंच देतो.

१ ते २ अंतर ९ मीटर. तळांच्या पातळीत फरक १५ सेंमी, म्हणजे ६० ला १ चा ढाळ. टॉर्च आणि आरशाने बघितलं, पाइप सरळ दिसतो, कुठे पाणी साचलेलं नाही.

पाणी भरलं. तासभर वाट बघायची वेळच आली नाही, चार मिनिटांत उभा पाइप रिकामा. तरी तासभर भरत राहिलो. काही फरक नाही. शेवटी भरणं बंद करून खालच्या नळीकडे लक्ष ठेवलं. आधी झरझर, मग सावकाश, मग इतकं सावकाश की खूण केल्याशिवाय कळेना. पावणेतीन तासांनी थांबलं. पुढचा तासभर केसभरही हललं नाही. ही खूण २ नंबरच्या पाइपच्या तळापासून ११ सेंमीवर आहे.

ठिपका
११ गुणिले ६० म्हणजे ६.६ मीटर. दोन नंबरच्या चेंबरपासून ६.६ मीटरवर खोदा.

पाणसळ
घाई करू नका. ६.६ कधी बरोबर? गळती पाइपच्या तळाला असेल तर. पाइप १० सेंमी उंचीचा आहे. गळती माथ्याला असेल, तर तिथे तळ पाण्याच्या पातळीच्या १० सेंमी खाली, म्हणजे बूचापासून फक्त १ सेंमी वर. ते अंतर झालं ६० सेंमी, जवळजवळ चेंबरलाच लागून. आणि मधल्या उंचीला असेल तर मधे कुठेही. ढाळ जितका कमी तितका हा घोळ मोठा.

तेव्हा नुसत्या या खुणेवरून एवढंच म्हणता येतं की गळती २ नंबरपासून ०.६ ते ६.६ मीटरच्या मधे आहे, आणि ६.६ च्या वरच्या भागात काही असलं तरी ते पाइपच्या तळाला नाही हे मात्र नाही म्हणता येत.

रानवारा
शेवटचं वाक्य मला कळलं नाही. वरच्या भागात गळती असली तरी पाणी खाली ११ पर्यंत उतरणारच ना, खालच्या भोकातून?

पाणसळ
रानवारा, बरोबर पकडलंत, वाक्य गुंतलं माझं. थांबलेली पातळी सगळ्यात खालच्या गळतीची असते. तिच्या वर आणखी गळत्या असल्या तर त्या या खुणेत लपून जातात. म्हणून बूच सरकवून बघावं लागतं.

उंबरठा, हवेने फुगणारा बूच मिळवा, म्हणजे फुगा. तो काठ्यांनी २ नंबरकडून आत ढकलायचा. धूर २ नंबरपासून ६ मीटरवर आला होता, तेव्हा आधी ५ मीटरवर फुगवा आणि वरचा तुकडा भरा. गळला तर गळती ५ च्या वर. मग फुगा ७ मीटरवर न्या आणि परत भरा. फुगा सांध्यावर नको, सरळ पाइपात फुगवा. आणि हवा त्यावर लिहिली असेल तेवढीच भरा, जुना पाइप आतून फुटतो.

कडीकोयंडा
एवढ्या वेळात माझी निम्मी लाइन बदलून झाली असती. पण आकडे बघायला मजा येतेय हे कबूल करतो.

उंबरठा
५ मीटरवर फुगा: गळतंय, आधीसारखंच. ७ मीटरवर: तासभर भिजवल्यावर अर्ध्या तासात ६० मिली घालावे लागले.

पाणसळ
वरच्या २ मीटरला नव्या लाइनच्या हिशोबाने १०० मिली चालतात, तुमचे ६० गेले. कमी दाबाखाली, हे खरं, पण जुन्या लाइनला उत्तम. म्हणजे वरचा भाग चांगला आणि गळती ५ ते ७ च्या मधे. आता त्या ११ सेंमीकडे परत या. ५ ते ७ च्या मधे असलेली गळती ११ च्या पातळीला असेल, तर ती पाइपच्या तळापासून जेमतेम २.७ सेंमीच्या आत हवी. म्हणजे तळालाच. ठिपका यांचा ६.६ बरोबर निघाला असं आता म्हणायला हरकत नाही.

एका पाइपची लांबी किती आहे? चेंबरमधून पहिला सांधा दिसत असेल तर मोजा.

उंबरठा
पहिला सांधा टॉर्चने दिसतो, ६० सेंमीवर.

ठिपका
६.६ भागिले ०.६ म्हणजे बरोबर अकरावा सांधा!

उंबरठा
शनिवारी खोदलं. फक्त ६.२ ते ७ मीटर, आठ फरशा अलगद काढून बाजूला ठेवल्या. साधारण पाऊण मीटर खाली पाइप लागला.

अकराव्या सांध्याचं सिमेंट वरून शाबूत होतं. वरून बघणाऱ्याने चांगलंच म्हटलं असतं. खालून हात घातला तर तळाची तिसरा हिस्सा गोलाई मोकळी, बोट आत जात होतं. त्याखालची माती काळी, लोण्यासारखी मऊ, आणि तो काळा पट्टा तिरका घराच्या पायाकडे गेलेला. धूर आला त्या भेगेची जागा सांध्यापासून ६० सेंमी खालच्या अंगाला होती.

सांध्याच्या दोन्ही बाजूंचे पाइप काढून नवे घातले. खालची मऊ माती उपसून भर घट्ट ठोकून घेतली. बुजवण्याच्या आधी पाणी भरून पाहिलं, ९ मीटरला अर्ध्या तासात ३५० मिली. फरशा त्याच परत बसल्या.

पाणसळ
छान काम. ९ मीटरला नव्या लाइनचं माप ४५० मिली. बुजवण्याच्या आधी भरून पाहिलंत हे विशेष चांगलं केलंत.

सांधे तळालाच जास्त गेलेले सापडतात, कारण बसवणाऱ्याचा हात वरून नीट पोचतो, खाली सिमेंट अंदाजाने दाबलेलं असतं.

उंबरठा
आता २ ते ३ चा तुकडाही करून टाकला. ६ मीटर, फरक १० सेंमी, ढाळ तोच. अर्ध्या तासात ४२० मिली. माप ३०० चं, म्हणजे नापास. पाणी घालणं थांबवल्यावर पातळी खालच्या तळापासून १६ सेंमीवर थांबली. या तुकड्यात धूर कुठेच आला नव्हता, पण इथे वर बोळ नाही, ओट्याचा काँक्रीटचा थर आहे. हे खोदायचं का?

कडीकोयंडा
नापास म्हणजे नापास. खोदा.

रानवारा
१६ सेंमी? पण वरच्या टोकाचा तळच १० वर आहे ना? मग तळाला गळती असूच शकत नाही.

पाणसळ
रानवारा, अगदी बरोबर. गळती सगळ्यात वरच्या टोकाला धरली तरी ती तळापासून ६ सेंमी उंच आहे. माथ्याला धरली तर खालून ३.६ मीटरवर येते. म्हणजे ती ३.६ ते ६ मीटरच्या मधे कुठेतरी, आणि पाइपच्या निम्म्या उंचीच्या वरच. रोजचं पाणी निम्म्यापर्यंतही चढत नाही. ओल यातून येत असेल असं मला वाटत नाही. मी ओटा फोडणार नाही.

कडीकोयंडा
आणि लाइन तुंबली तर? तुंबल्यावर पाइप माथ्यापर्यंत भरतो, चेंबरही भरतं. तेव्हा तिथून पाणी जाणारच. शिवाय वास जायला माथ्याची भेगच पुरते. मला हे अर्धवट सोडणं पटत नाही.

पाणसळ
तुमचा मुद्दा खोटा नाही. वारंवार तुंबणारी लाइन असती तर मीही वेगळा विचार केला असता. उंबरठा, लाइन वर्षाला किती वेळा तुंबते? आणि ६ मीटरचं टोक म्हणजे २ नंबरच्या चेंबरची भिंत. पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथला गिलावा एकदा टॉर्चने बघा. गळती तिथेच असेल तर ओट्याला हात न लावता चेंबरच्या बाजूने बुजवता येईल.

उंबरठा
गेल्या काही वर्षांत दोनदाच तुंबली. चेंबरच्या भिंतीत पाइपभोवती वरच्या बाजूला बारीक भेग दिसते खरी. तीच गळते की नाही ते फुगा चेंबरच्या तोंडापासून हातभर आत, तिच्या पलीकडे सरकवून खालचा तुकडा भरून बघणार आहे.

खोलीच्या कोपऱ्यात पेन्सिलने ओलीची कड आखून तारीख घातलीय. दीड महिना झाला. कड खाली सरकलेली नाही, वरही चढलेली नाही.

रानवारा
आमची भिंत गळती बंद झाल्यावरही बरेच महिने ओली होती. गिलाव्याला हात लावू नका इतक्यात.

सांजवेळ
आणि त्या मोरीत पाणी ओतताय ना?

उंबरठा
दर रविवारी. या वेळी पाऊस पडून गेला, पण वास आला नाही. सांध्यामुळे की मोरीमुळे, ते मात्र सांगता येत नाही.